अल्कोहोल पंच्याण्णव टक्क्यांवर का अडतं?

साखर कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवून जो द्रव मिळतो त्याला तिथले कामगार ‘वॉश’ म्हणतात. त्यात अल्कोहोल आठ-दहा टक्के, बाकी बहुतेक सगळं पाणी. हा वॉश उंच कॉलममध्ये वरून सोडतात आणि खालून वाफ चढवतात. कॉलमच्या प्रत्येक ट्रेवर चढणारी वाफ आणि उतरणारा द्रव एकमेकांना भेटतात. अल्कोहोल वाफेबरोबर वर सरकतं, पाणी खाली उतरतं. माथ्याकडे जावं तसं अल्कोहोलचं प्रमाण वाढत जातं. पन्नास टक्के, सत्तर, नव्वद. मात्र वजनाने ९५.६ टक्क्यांपाशी ही वाढ थांबते. कॉलम आणखी उंच करा, ट्रे दुप्पट करा, वाफ हळूहळू चढवा, काही उपयोग होत नाही. त्या ठिकाणी द्रवात जेवढं अल्कोहोल असतं नेमकं तेवढंच वाफेत असतं, आणि दोन्हींत फरकच उरला नाही तर ऊर्ध्वपातनाने वेगळं काय करणार?

शुद्ध अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ७८.३ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० अंशांना. दोहोंत जवळजवळ बावीस अंशांचं अंतर आहे. बेंझिन आणि टोल्युइन यांच्यात तीस अंशांचं अंतर आहे, आणि ते दोघे कॉलममध्ये हवे तितके वेगळे होतात. मग पाणी आणि अल्कोहोलच का अडतात? याचं उत्तर रेणू एकमेकांना किती ओढून धरतात यात आहे. ते समजून घ्यायला आधी जिथे काहीच अडत नाही अशा मिश्रणाकडे पाहावं लागतं.

बंद बाटलीत द्रव ठेवला की त्याचे काही रेणू पृष्ठभाग सोडून वर जातात आणि काही परत येतात. काही वेळाने जाणारे आणि येणारे समसमान होतात. त्या वेळी वाफ जो दाब देते तो त्या द्रवाचा बाष्पदाब. शेजारच्या रेणूंची ओढ जितकी कमी तितकं निसटणं सोपं, आणि बाष्पदाब तितका जास्त. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळायला लागतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे काम करणाऱ्या फ्रान्स्वा-मारी राऊल्ट यांनी १८८०च्या दशकात एकामागून एक द्रावणांचे बाष्पदाब मोजले. त्यातून निघालेला नियम अगदी सरळ आहे. मिश्रणातल्या शंभर रेणूंपैकी साठ बेंझिनचे असतील, तर बेंझिनचा दाब त्याच्या शुद्ध दाबाच्या साठ टक्के. उरलेल्या चाळीस टोल्युइनच्या रेणूंचा दाब टोल्युइनच्या शुद्ध दाबाच्या चाळीस टक्के. दोन्हींची बेरीज म्हणजे मिश्रणाचा दाब.

बेंझिन आणि टोल्युइन हा नियम जवळजवळ तंतोतंत पाळतात, कारण त्यांचे रेणू सख्ख्या भावंडांसारखे आहेत. बेंझिनच्या रेणूच्या शेजारी बेंझिन बसलं काय आणि टोल्युइन बसलं काय, ओढीत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे रेणू किती निसटतील हे फक्त त्यांच्या संख्येवर ठरतं. अशा मिश्रणाला आदर्श म्हणतात. बहुतेक मिश्रणं मात्र आदर्श नसतात. परका शेजारी आपल्या माणसापेक्षा जास्त ओढत असेल, तर रेणू हिशेबापेक्षा कमी निसटतात आणि दाब कमी भरतो. हे ऋण विचलन. परक्याची ओढ कमी पडली तर रेणू हिशेबापेक्षा जास्त निसटतात. हे धन विचलन.

ऋण विचलनाचं सर्वांत स्वच्छ उदाहरण क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनचं आहे. नखांचा रंग काढायच्या द्रवात असतं तेच ॲसिटोन. त्याच्या रेणूत एक ऑक्सिजन अणू आहे आणि तो ऋण भाराकडे झुकलेला आहे. हायड्रोजन बंध जुळवायला असा ऑक्सिजन लागतोच, पण समोरून पुढे येणारा धन झुकावाचा हायड्रोजनही लागतो, आणि तसा हायड्रोजन ॲसिटोनच्या कोणत्याच रेणूकडे नाही. क्लोरोफॉर्मचं दुखणं नेमकं याच्या उलट आहे. त्याच्या रेणूत तीन क्लोरीन अणूंनी इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतल्यामुळे एकुलता हायड्रोजन उघडा पडलेला असतो, पण त्याला धरू शकेल असा चांगला ऑक्सिजन क्लोरोफॉर्ममध्ये नाही. दोन्ही द्रव आपापल्या बाटलीत अर्धवट असतात. ते एकत्र आले की क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन आणि ॲसिटोनचा ऑक्सिजन यांच्यात नवा बंध जुळतो. असा बंध दोन्ही शुद्ध द्रवांत कुठेच नव्हता. बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणून मिश्रण तापतं आणि भांड्याला हात लावला तरी ते कळतं.

पोलिश रसायनज्ञ यान झाविड्झ्की यांनी १९०० साली या जोडीचे दाब बारकाईने मोजले. सुमारे ३५ अंशांना शुद्ध ॲसिटोनचा दाब ३४४ मिलिमीटर पारा आहे आणि क्लोरोफॉर्मचा २९३. दोघांचे रेणू निम्मे-निम्मे घेतले तर राऊल्टच्या हिशेबाने ३१८ यायला हवेत. प्रत्यक्षात २५०च्या आसपास येतात. मिश्रणाचा दाब सरासरीपेक्षा तर कमी भरलाच, पण दोघांपैकी कमी दाबाच्या क्लोरोफॉर्मपेक्षाही कमी भरला. दाब कमी म्हणजे उकळायला जास्त उष्णता लागणार. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि क्लोरोफॉर्म ६१ अंशांना, पण वजनाने साधारण ऐंशी टक्के क्लोरोफॉर्म असलेलं त्यांचं मिश्रण ६४ अंशांच्या वर गेल्यावरच उकळतं. तिथे द्रव आणि वाफ यांची घडण एकच होते आणि ऊर्ध्वपातन थांबतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना इथे करायलाच हवी. ही सगळी गोष्ट केवळ रेणूंच्या ओढीची आहे, रासायनिक अभिक्रियेची नाही. पण त्या मिश्रणात कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली पडला की खरीखुरी अभिक्रिया सुरू होते, आणि ती इतकी उष्णता सोडते की बाटली फुटू शकते. म्हणून टाकाऊ द्रवांच्या बाटलीत हे दोन द्रव एकत्र ओतू नयेत.

आता परत कॉलमकडे येऊ. पाण्याच्या रेणूकडे दोन हायड्रोजन असतात आणि ऑक्सिजनवर आणखी दोन बंध घ्यायला जागा असते. म्हणून पाण्यात प्रत्येक रेणू चार बाजूंनी शेजाऱ्यांना धरून असतो. इथेनॉलच्या एका टोकाला पाण्यासारखाच ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट आहे. पण दुसऱ्या टोकाला दोन कार्बनची शेपटी आहे, आणि तिच्याशी पाणी हायड्रोजन बंध जुळवत नाही. थोडं इथेनॉल भरपूर पाण्यात असतं तेव्हा त्याच्या शेपटीला तिथे फारसा थारा मिळत नाही. त्यामुळे इथेनॉलचा रेणू संख्येच्या हिशेबापेक्षा खूपच जास्त निसटतो.

आसवनीच्या दृष्टीने कॉलमच्या तळाशी हे विचलन वरदान ठरतं. किती मोठं वरदान, ते एका ढोबळ हिशेबाने दिसतं. वजनाने दहा टक्के अल्कोहोल असलेलं मिश्रण घेऊ. इथेनॉलचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा अडीच पट जड आहे. त्यामुळे वजनाने दहा टक्के असलं तरी रेणूंच्या संख्येत इथेनॉल शंभरात जेमतेम चार भरतं. हे मिश्रण आदर्श असतं, तर त्यातून उठणाऱ्या पहिल्या वाफेत वजनाने साधारण वीस टक्के अल्कोहोल असतं. प्रत्यक्षात वाफेत ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एकाच उकळीत दहावरून पन्नास! गावठी दारूच्या साध्या भट्टीतूनही एका फेरीत कडक दारू निघते ती यामुळेच. मिश्रण आदर्श असतं तर तेवढ्यासाठी तिला कितीतरी फेऱ्या कराव्या लागल्या असत्या.

कॉलमच्या माथ्यावर चित्र उलटतं. आता इथेनॉलचे रेणू भरपूर आहेत आणि पाण्याचे मोजके. पाण्याच्या रेणूला चार बाजूंनी धरणारे शेजारी हवे असतात, पण आसपास सगळीकडे इथेनॉलच्या शेपट्या आहेत. इथेनॉल त्याला धरतं, पण पाण्याइतकं नाही. आता हिशेबापेक्षा जास्त निसटण्याची पाळी पाण्याची असते. ९५.६ टक्क्यांच्या मिश्रणात दर शंभर रेणूंमागे साडेदहा पाण्याचे असतात. हे मिश्रण ७८.१५ अंशांना उकळतं. त्या तापमानाला शुद्ध पाण्याचा दाब सुमारे ३३० मिलिमीटर असतो. साडेदहा टक्क्यांच्या हिशेबाने पाण्याने ३५ मिलिमीटर दाब द्यायला हवा होता, पण ते ८० देतं. म्हणजे आपल्या वाट्याच्या सव्वादोन पटीहून थोडं अधिक. तिथे पुरेसे शेजारी आपल्यासारखेच असल्याने इथेनॉलला फारसा फरक पडत नाही. हिशेबाने ६७६ यायचे तिथे त्याचे ६८० येतात. ८० आणि ६८० मिळून ७६० होतात, म्हणजे हवेचा दाब, आणि मिश्रण उकळतं. वाफेत पाण्याचा वाटा ७६० पैकी ८०, म्हणजे साडेदहा टक्के, आणि द्रवातही तेवढाच. आता कॉलमला वेगळं करायला काहीच उरलेलं नसतं.

शुद्ध पाणी इथेनॉलपेक्षा निम्म्याहूनही कमी उडतं, हे खरं आहे. पण एकट्या पडलेल्या पाण्याची निसटण्याची वृत्ती सव्वादोन पटींनी वाढली की ही उणीव भरून निघते. ऊर्ध्वपातन अडतं ते नेमकं तिथे. अशा मिश्रणाला रसायनशास्त्रात ॲझिओट्रोप म्हणतात. तो शुद्ध पदार्थासारखा एकाच तापमानाला उकळत राहतो आणि त्यामुळे फसवतो. थर्मामीटर स्थिर आहे म्हणून पदार्थ शुद्ध आहे, असं मानणाऱ्याची इथे हमखास चूक होते. मिश्रण आहे की शुद्ध पदार्थ, हे ओळखायची खूण म्हणजे दाब बदलून पाहणं. शुद्ध पदार्थ कोणत्याही दाबाला शुद्धच राहतो, फक्त उत्कलनबिंदू बदलतो. ॲझिओट्रोपची मात्र घडणच बदलते. इथेनॉल आणि पाण्याच्या बाबतीत दाब हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली नेला, तर हा अडथळा नाहीसाच होतो.

इथपर्यंतचं स्पष्टीकरण मी बहुतेक पुस्तकांत सांगतात तसंच सांगितलं. पण ते इथे सोडून दिलं तर वाचकावर अन्याय होईल. धन विचलन म्हणजे परक्यांची ओढ कमी, आणि ओढ कमी म्हणजे मिसळताना मिश्रण थंड पडणार व आकारमान थोडं वाढणार, असा नियम पुस्तकांत पाठच करून घेतात. आता मोजपात्र घ्या, त्यात ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर इथेनॉल ओता. मिश्रण थंड होत नाही, चांगलंच कोमट होतं. ते पुन्हा खोलीच्या तापमानाला आलं की पातळी १०० वर नसते, ९६-९७ मिलिलिटरवर असते. हे तर ऋण विचलनाचं लक्षण! तरीही बाष्पदाब हिशेबापेक्षा जास्तच असतो. परीक्षेच्या उत्तरात इथेनॉल-पाणी हे धन विचलनाचं उदाहरण देऊन पुढे ‘मिसळताना उष्णता शोषली जाते’ असं लिहिणारा विद्यार्थी पहिल्या अर्ध्यात बरोबर असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात चुकतो.

याचा उलगडा असा की रेणूचं निसटणं केवळ ओढीवर ठरत नाही, मांडणीच्या मोकळेपणावरही ठरतं. इथेनॉलची शेपटी पाण्यात आली की भोवतालचे पाण्याचे रेणू आपले आपसांतले बंध तोडत नाहीत. ते शेपटीभोवती जरा शिस्तीत बसतात आणि बंध राखून ठेवतात. म्हणून ऊर्जेच्या हिशेबात तोटा नाही, उलट फायदा आहे आणि मिश्रण तापतं. शेपटी पाण्याच्या जाळ्यातल्या रिकाम्या जागेत बसते म्हणून आकारमान घटतं. पण या शिस्तीत पाण्याच्या रेणूंचा हालचालीचा मोकळेपणा कमी होतो, आणि ही किंमत ऊर्जेच्या फायद्यापेक्षा मोठी असते. इथेनॉलचा रेणू बाहेर पडला तर पाण्याला तो मोकळेपणा परत मिळतो. त्यामुळे ओढ चांगली असूनही रेणू बाहेर ढकलला जातो. हेन्री फ्रँक आणि मार्जोरी इव्हान्स यांनी १९४५ साली या विचाराला ठोस रूप दिलं. त्यांनी पाण्याच्या त्या रचनेला हिमनगाची उपमा दिली होती. ती शब्दशः घेऊ नये असं आज बहुतेक अभ्यासक मानतात, पण मोकळेपणा घटतो ही मोजलेली गोष्ट आहे. ओढीवरून विचलन समजावण्याची पद्धत उपयोगी आहेच. फक्त पाणी मध्ये आलं की हा दुसरा हिशेबही मांडावा लागतो.

कारखान्याला मात्र शेवटचं साडेचार टक्के पाणी काढावंच लागतं, कारण पेट्रोलमध्ये मिसळायला जवळजवळ निर्जल इथेनॉल लागतं. १९०२ साली सिडनी यंग यांनी यावर शक्कल काढली. त्यांनी मिश्रणात बेंझिन टाकलं. बेंझिनला पाणी अजिबात मानवत नाही, त्यामुळे बेंझिन, पाणी आणि इथेनॉल या तिघांचं मिश्रण ६५ अंशांच्या आतच उकळून पाणी आपल्याबरोबर वर घेऊन जातं, आणि तळाला निर्जल इथेनॉल उरतं. म्हणजे एका धन विचलनाची कोंडी त्यांनी त्याहून मोठ्या धन विचलनाने फोडली. मला ही कल्पना रसायनशास्त्रातल्या देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. बेंझिन कर्करोगकारक असल्याने ती पद्धत मागे पडली. आता आसवन्यांत मॉलिक्युलर सिव्ह वापरतात. हे झिओलाइटचे बारीक मणी असतात आणि त्यांची छिद्रं साधारण तीन अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू जेमतेम २.८ अँगस्ट्रॉमचा असल्याने तो आत शिरतो. इथेनॉलचा ४.४ अँगस्ट्रॉमचा रेणू मात्र बाहेरच राहतो. आत शिरलेल्या पाण्याला झिओलाइटमधले आयन घट्ट धरून ठेवतात. मणी भरले की दाब उतरवून ते पाणी बाहेर काढतात आणि तोच थर पुन्हा वापरतात.

हे निर्जल इथेनॉल पेट्रोलला भेटतं तेव्हा विचलनाचं आणखी एक रूप दिसतं. इंधनाचा बाष्पदाब ३७.८ अंशांना मोजायची रीत आहे. पेट्रोलचा दाब साधारण ६० किलोपास्कल धरला, तर एकट्या इथेनॉलचा त्याच तापमानाला १६ असतो. पेट्रोलमध्ये आकारमानाने दहा टक्के इथेनॉल घातलं की रेणूंच्या संख्येत इथेनॉल विसाच्या आसपास भरतं. राऊल्टच्या हिशेबाने दाब ५१ किलोपास्कलवर उतरायला हवा. तो उतरण्याऐवजी सहा-सात किलोपास्कलने चढतो. कमी उडणारा द्रव घातल्याने मिश्रण जास्त उडतं! शुद्ध इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांच्या साखळीत एकमेकांना धरून असतात, म्हणून तो एवढा कमी उडतो. पेट्रोलच्या रेणूंकडे असे बंध जुळवायला काहीच नाही. त्यांच्या गर्दीत साखळ्या तुटतात आणि सुटे पडलेले इथेनॉलचे रेणू सहज निसटतात. पेट्रोलमधल्या हलक्या घटकांनाही आता थोडं कमी धरलं जातं. इथे पुस्तकी नियम पूर्ण लागू पडतो, कारण बंध तुटतात पण त्यांची जागा घेणारे बंध मिळत नाहीत. म्हणून मिसळताना उष्णता शोषली जाते. दाब वाढला की टाकीतून जास्त वाफ हवेत जाते आणि उन्हाळ्यात इंधनाच्या नळीत वाफेचे बुडबुडे अडकण्याचा धोका वाढतो. त्यामुळे इथेनॉल मिसळायचं असेल तर रिफायनरीला मुळातल्या पेट्रोलमधला ब्युटेनसारखा हलका भाग कमी करावा लागतो.

धन विचलन फारच वाढलं तर काय होतं, तेही याच टाकीत दिसतं. पेट्रोल आणि पाणी यांची एकमेकांबद्दलची ओढ इतकी कमी आहे की ते मिसळतच नाहीत. वेगवेगळे थर होणं हा विचलनाचा शेवटचा टप्पा आहे. इथेनॉल दोघांनाही धरतं, त्यामुळे थोडं पाणी त्याच्या आधाराने पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, आणि तापमान उतरलं की ती आणखी खाली येते. मर्यादा ओलांडली की पाणी वेगळं होतं, पण एकटं होत नाही. पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त असल्याने बरंचसं इथेनॉलही त्याच्याबरोबर तळाशी जातं. वर इथेनॉल गमावलेलं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं आणि तळाशी पाणी व इथेनॉलचा थर साचतो. पंप टाकीच्या तळाजवळूनच ओढतो, म्हणून हा थर थेट इंजिनात जाऊ शकतो. पावसाळ्यात पेट्रोलपंपांवर जमिनीखालच्या टाकीत काठी सोडून पाणी तपासतात. त्या काठीच्या टोकाला लावलेली लुकण पाणी लागताच रंग बदलते. साध्या पेट्रोलच्या काळातली लुकण मात्र इथेनॉल मिसळलेल्या तळथरावर नीट रंग दाखवत नाही, कारण त्यात निव्वळ पाणी नसतं. इथेनॉलच्या इंधनासाठी वेगळी लुकण वापरावी लागते.